गायीच्या पोळीवरील जखमेतून अळ्या काढल्या, दोन दिवसांनी पुन्हा दिसल्या: नव्या की उरलेल्या?

दावण (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या दुसऱ्या वेताच्या दुभत्या गायीला सहा दिवसांपूर्वी काटेरी तारेचा ओरखडा गेला. जखम गळ्याखालच्या पोळीवर, उजव्या अंगाला आहे. सुरुवातीला ती इतकी किरकोळ वाटली, की आम्ही हळद लावून सोडून दिली. चौथ्या दिवशी गाय सारखी मान झटकू लागली, वैरण अर्धवट सोडू लागली आणि जवळ गेल्यावर सडक्या मांसासारखा, पण त्याहून गोडसर असा वास येऊ लागला. जखमेचे तोंड माझ्या अंगठ्याच्या पेराएवढेच होते. त्यातून तांबूस पाणी गळत होते आणि आत काहीतरी हलत होते.

माझ्या भावाने टर्पेंटाईन तेलात भिजवलेला कापूस जखमेत घातला आणि बाहेर आलेल्या साठेक अळ्या चिमट्याने काढल्या. त्यानंतर जखम स्वच्छ, लाल दिसत होती. आज, म्हणजे दोन दिवसांनी, पुन्हा आत हालचाल दिसते आहे. आम्ही रोज दोनदा जखम धुतो आणि कडेला निंबोळी तेल लावतो, तरी माश्या पुन्हा अंडी घालून गेल्या असाव्यात असे वाटते. तसे असेल तर माश्यांना रोखायचे कसे, हा माझा प्रश्न आहे.

जुना गोठेकरी

ताई, एवढे घाबरू नका. अळ्या फक्त सडलेले मांस खातात आणि जिवंत मांसाला तोंड लावत नाहीत. माणसांच्या रुग्णालयांतही न भरणाऱ्या जखमा साफ करण्यासाठी अळ्या मुद्दाम सोडतात, हे मी खात्रीच्या माणसाकडून ऐकले आहे. सड संपली की त्या आपोआप गळून पडतील. रोज सकाळ-संध्याकाळ टर्पेंटाईन ओतत राहा, आठवड्यात जखम भरेल. आमच्या गोठ्यात चाळीस वर्षे हेच चालत आले आहे.

द्विपंखी

गोठेकरी काका, रुग्णालयांत अळ्या वापरतात हे खरे आहे. मात्र त्या एका ठरावीक हिरव्या माशीच्या, ल्युसिलिया सेरिकाटाच्या असतात. त्या निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या असतात, मोजून सोडतात आणि दोन-तीन दिवसांत काढूनही घेतात. त्यांच्यावरून गायीच्या जखमेतल्या अळीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

जनावरांच्या जखमांत दोन वेगळ्या स्वभावांच्या माश्या येतात. काही जातींचे मुख्य अन्न मेलेले मांस किंवा घाण असते आणि दुर्लक्षित, कुजलेली जखम मिळाली तर त्या तिथेही अंडी घालतात. स्क्रूवर्म माशीचे तसे नाही. तिची अळी जिवंत, उबदार जनावराच्या मांसावरच वाढते, मढ्यावर ती वाढत नाही. त्यामुळे सड संपेपर्यंत वाट पाहण्याला काही अर्थ राहत नाही. आफ्रिका, आखाती देश, दक्षिण व आग्नेय आशिया आणि पापुआ न्यू गिनी या पट्ट्यात क्रायसोमिया बेझियाना ही जात आहे, तर अमेरिका खंडांत कॉक्लिओमिया होमिनिवोरॅक्स. दोघींचे जवळचे नाते नाही, पण जगण्याची रीत जवळजवळ सारखीच आहे. मादी जखमेच्या कोरड्या कडेवर १५० ते ५०० अंडी एकमेकांना चिकटवून घालते. अळ्या १२ ते २० तासांत बाहेर पडतात, डोके खाली करून मांसात शिरतात आणि साधारण सहा-सात दिवस खातात. पोट भरले की त्या जमिनीवर पडून मातीत शिरतात.

दावणताई, तुमच्या वर्णनातल्या लहान तोंडामुळे, मोठ्या वासामुळे आणि तांबूस पाण्यामुळे मला स्क्रूवर्मची शंका येते, पण वर्णनावरून ठाम सांगता येणार नाही. तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही. आज दिसलेल्या अळ्या केवढ्या आहेत? एखादी काढून पट्टीशेजारी ठेवा आणि मोजून लिहा.

मेंढवाडा

आमच्याकडे हाच त्रास दर ओल्या हंगामात होतो. मेंढीच्या शेपटीखाली लोकर हगवणीने भिजते, तिथे माशी बसते आणि दोन दिवसांत कातडीवर अळ्यांचा थर तयार होतो. मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, पाय आपटते, मागे वळून कंबर चावते. आम्ही लोकर मुळापासून कातरतो, ओल्या भागाच्या पलीकडेही चार बोटे कातरतो आणि फवारतो. दोन दिवसांत ती चरायला लागते. ताई, तुम्ही गायीचे केस कातरले का? मला वाटते सगळा दोष ओल्या केसांचा आहे.

शल्यवैद्य

मेंढवाडा, तुम्ही सांगता तो रोग खरा आहे आणि तुमचा उपायही योग्य आहे, पण तो या धाग्यातला रोग नव्हे. तुमच्याकडे बहुधा ल्युसिलिया क्युप्रिनासारख्या माशीचा उपद्रव असतो. तिला जखम लागतच नाही. लोकरीतली ओल आणि घाण तिला पुरते, आणि तिच्या अळ्या कातडीच्या वरच्या थरावर पसरतात. म्हणूनच लोकर कातरून जागा कोरडी केली की निम्मे काम होते. इथे अळ्या कातडीखाली खोल आहेत. केस कातरणे इथेही गरजेचे आहे, पण ते जखमेची कड दिसावी आणि तिथली अंडी हाताला लागावीत म्हणून.

दावणताई, द्विपंखींनी विचारलेले माप मलाही हवे आहे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. अळी म्हणजे जखमेतले घड्याळच असते. तुम्ही दोन दिवसांपूर्वी जखम साफ केली. त्यानंतर माशी बसली असेल, तर अंडी फुटायला लागणारा वेळ वजा जाता आजची अळी फार तर दीड दिवसाची असेल, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढरट आणि अगदी बारीक. पूर्ण वाढलेली अळी १२ ते १७ मिलिमीटर लांब, जाडसर आणि मळकट पांढरी असते. तेवढी ती दोन दिवसांत होत नाही.

दावण

आत्ता मोजले. तीन अळ्या काढल्या, त्या १३, १४ आणि १२ मिलिमीटर भरल्या. अंगावर आडव्या काट्यांचे पट्टे आहेत, त्यामुळे त्या आटे पाडलेल्या स्क्रूसारख्या दिसतात. मागच्या टोकाला दोन काळसर ठिपके आहेत. जखमेत पाहिले तेव्हा हेच ठिपके पाण्यावरच्या बुडबुड्यांसारखे वरखाली होत होते. म्हणजे या नव्या नाहीत?

शल्यवैद्य

नव्या नाहीत. पहिल्या दिवशी बाहेर आल्या नाहीत त्याच या अळ्या. ते काळसर ठिपके म्हणजे त्यांची श्वासाची छिद्रे. डोके मांसात आणि शेपूट हवेकडे, अशाच स्थितीत त्या जगतात. टर्पेंटाईनने त्या बाहेर का येतात आणि सगळ्या का येत नाहीत, याचे उत्तरही त्यातच आहे. तेलाच्या वाफेने आणि हवा कोंडल्याने तोंडाजवळच्या अळ्या वर धावतात. ज्या आडव्या कप्प्यात असतात त्यांच्यापर्यंत कापूस पोचत नाही, आणि तिथे थोडी हवा शिल्लक असेल तर त्या आणखी आत सरकतात.

पोळीची कातडी सैल असते आणि तिच्याखाली मऊ ऊतींचा थर असतो. अळ्या तिथे सरळ खोल न जाता कातडी आणि मांस यांच्यामधून खालच्या दिशेने पसरतात. तुम्हाला वरून अंगठ्याच्या पेराएवढे तोंड दिसते, पण आतली पोकळी तळहाताएवढी असू शकते. जखमेभोवती हलक्या बोटांनी दाबून पाहा. कातडी कुठे दबदबीत, फुगीर किंवा जास्त गरम लागते? बोट उचलल्यावर तोंडातून पाणी येते का?

गोठेकरी काकांचा सल्ला मात्र मी नम्रपणे बाजूला ठेवीन. टर्पेंटाईन रोज ओतल्याने नव्याने येणारा नाजूक लाल थर भाजतो, आणि भाजलेला थर पाझरू लागला की त्या वासाने माशी अधिक येते. पहिल्या दिवशी, भिजवून पिळलेली पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवून काढून घेणे, एवढाच त्याचा वापर मला मान्य आहे. कान, डोळा, योनिमार्ग अशा जागी तोही नाही.

जुना गोठेकरी

डॉक्टर, सड खाणाऱ्या अळीचे तुमचे आणि द्विपंखींचे म्हणणे मी मान्य करतो. मला तो फरक माहीत नव्हता. टर्पेंटाईनबद्दल मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. आमच्याकडे डॉक्टर यायला कधी कधी दोन दिवस लागतात, आणि तोवर हाताशी दुसरे काही नसते. फक्त पहिल्या दिवशी वापरून थांबलो आणि आत अळ्या राहिल्याच, तर मी काय करावे?

शल्यवैद्य

काका, प्रश्न रास्त आहे. डॉक्टर येईपर्यंत मीठ घातलेल्या पाण्याने धुणे चालू ठेवा. एक लिटर पाणी उकळून कोमट करायचे आणि त्यात ९ ग्रॅम मीठ घालायचे. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीने ते पाणी हलक्या दाबाने आत सोडायचे आणि पुन्हा बाहेर येऊ द्यायचे. बऱ्याच अळ्या नुसत्या पाण्याच्या लोंढ्यानेही निघतात. टर्पेंटाईनची पट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावी लागली, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. माझेच काही सहकारी ती दोन-तीन दिवस वापरतात आणि त्यांच्या जखमाही भरतात. माझा विरोध ओतण्याला आहे, आणि जखम लाल होऊ लागल्यावरही चालू ठेवण्याला आहे.

फिनाईल, डिझेल, रॉकेल यांना मात्र कुठल्याही दिवशी जागा नाही.

वासरूघर

फिनाईलचा उल्लेख आला म्हणून माझा अनुभव लिहिते. चार दिवसांच्या कालवडीच्या नाळेत अळ्या पडल्या होत्या. मदतीला आलेल्या माणसाने नाळेवर फिनाईल ओतले, वरच्या पंधरा-वीस अळ्या मेल्या आणि आम्ही समाधानी झालो. नाळेच्या आतला भाग कुणीच तपासला नाही. नवव्या दिवशी तिला ताप आला, पुढच्या दोन्ही गुडघ्यांना सूज आली आणि ती उठेनाशी झाली. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी सांगितले, की नाळेतून जंतू रक्तात जाऊन सांध्यांत बसले आहेत. ती वाचली नाही. तेव्हापासून आम्ही जन्मानंतर लगेच नाळ आयोडीनमध्ये बुडवतो आणि पहिला आठवडा रोज संध्याकाळी उलटे करून पाहतो.

दावणताई, अळ्या निघाल्या म्हणून थांबू नका. ताप मोजता का?

दावण

वासरूघर, वाचून फार वाईट वाटले. ताप आज सकाळी १०२.८ होता. जखमेच्या खाली दाबल्यावर साधारण चार बोटे लांबीचा भाग दबदबीत लागतो आणि दाब सोडल्यावर तोंडातून तांबूस पाणी येते. मी आमच्या पशुवैद्यांना दुपारी बोलावले आहे. त्यांना काय विचारू?

शल्यवैद्य

ताप अजून काळजी करण्याइतका नाही, पण दिवसातून दोनदा मोजा. १०३.५ च्या पुढे गेला, खाणे सुटले किंवा सूज पसरली, तर प्रतिजैविकाचा निर्णय त्यांना लगेच घ्यावा लागेल. त्यांना तीन गोष्टी विचारा. कप्पा किती खोल आहे ते बोथट सळीने मोजता येईल का? कप्प्याच्या सर्वांत खालच्या टोकाला दुसरे छिद्र पाडून पाण्याला वाट देता येईल का? आणि दूध चालू असताना कोणते औषध द्यायचे? छिद्र पाडताना जागा बधिर करायला आणि नंतर दुखण्यावर औषध द्यायला ते सांगतीलच. जनावर कण्हत नाही म्हणून दुखत नाही असे समजू नये.

दावण

दोन दिवसांनी लिहिते आहे. डॉक्टरांनी जागा बधिर करून सळी घातली, ती ११ सेंटिमीटर आत गेली. खालच्या टोकाला त्यांनी दोन सेंटिमीटरचा छेद घेतला. वरून पाणी सोडले आणि खालून अळ्या पडू लागल्या. मी मोजल्या, ८७ निघाल्या, बहुतेक मोठ्या होत्या. पोळी आतून पोकळ पिशवीसारखी झाली होती. आत कुमाफॉस असलेली भुकटी हलकी भुरभुरली. दुसऱ्या दिवशी धुताना फक्त नऊ मेलेल्या अळ्या निघाल्या. गाय वैरण खाऊ लागली आणि ताप १०१.६ वर आला.

आज सकाळी मात्र खालच्या छेदाच्या कडेवर पांढरी, खडबडीत कड दिसली. आधी मला ते मलम वाटले. नखाने खरवडले तर ती एकावर एक रचलेली बारीक, लांबट अंडी निघाली. थोडी फुटली होती आणि जवळच दोनेक मिलिमीटरच्या अळ्या वळवळत होत्या. आता या नव्याच ना? इतके करूनही हे कसे झाले?

द्विपंखी

हो, या नव्या आहेत, आणि वेळही जुळते. बेझियाना मादी बहुधा उतरत्या उन्हात, अंधार पडण्याआधी अंडी घालते. काल संध्याकाळी घातलेली अंडी आज सकाळी फुटू लागणे अपेक्षितच आहे. तिला खेचून आणते ती ताज्या जखमेच्या पाझराची चाहूल. तुमची वरची जखम आता सुकत आली आहे, पण खालच्या छेदातून दिवसभर पाणी गळते. निंबोळी तेल तुम्ही वरच्या तोंडाभोवतीच लावत राहिलात का?

दावण

हो. खालच्या छेदाला काहीच लावले नाही. ती डॉक्टरांनी केलेली स्वच्छ जखम आहे, तिला हात लावू नये असे मला वाटले.

शल्यवैद्य

ही चूक तुमची नाही. हे त्याच दिवशी तुम्हाला सांगणे डॉक्टरांचे काम होते, आणि छेदाची सूचना मी केली असल्याने माझेही होते. निचऱ्याचा छेद घेतला की आपण माशीला नवे दार उघडून देतो. शिंगे काढणे, खच्चीकरण, कानातील बिल्ला, गोचीड चावल्याची जागा, नुकतीच व्यायलेली गाय या सगळ्यांचे तेच आहे. माशीसाठी शस्त्रक्रियेची जखम आणि तारेची जखम यांत फरक नसतो.

आज हे करा. अंड्यांची कड बोथट पात्याने पूर्ण खरवडा आणि खरवड साबणाच्या पाण्यात टाका. दोन मिलिमीटरच्या अळ्या अजून कडेजवळच असतील, त्या चिमट्याने आणि मिठाच्या पाण्याने निघतात. छेदाभोवती पाच-सात सेंटिमीटर केस कातरा, म्हणजे गळणारे पाणी केसांत अडकणार नाही. माशी दूर ठेवणारे मलम त्या कातरलेल्या कातडीवर, गळणाऱ्या ओघळाच्या वाटेवरही लावा, छेदाच्या आत नको. पाहणी दुपारी चारनंतर एकदा आणि सकाळी एकदा, असे किमान पाच दिवस तरी चालू ठेवा.

भुकटीबद्दल एक सावधगिरी. ती हलकीच वापरायची, पोकळी भरायची नाही, आणि त्याच दिवशी गोचिडांसाठी दुसरे कीटकनाशक अंगावर फवारायचे नाही. लाळ गळू लागली, अंगाला थरथर सुटली, डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर ती विषबाधा समजून ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. तिच्यावर अॅट्रोपीनचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

जुना गोठेकरी

डॉक्टर, मग सरळ आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन का देत नाही? एका सुईत सगळा त्रास संपतो असे सांगतात.

शल्यवैद्य

काका, निम्मे खरे आहे. १ टक्क्याचे इंजेक्शन कातडीखाली, ५० किलो वजनाला १ मिलिलिटर, म्हणजे ३५० किलोच्या गायीला ७ मिलिलिटर, असा त्याचा नेहमीचा हिशोब असतो. कोवळ्या अळ्यांवर ते चांगले चालते आणि पुढच्या सुमारे दोन आठवड्यांत पडणाऱ्या अळ्यांनाही बऱ्यापैकी रोखते. पण तीन-चार दिवसांच्या मोठ्या अळ्यांतल्या बऱ्याच त्यातून वाचू शकतात. ज्या मरतात त्या खोल कप्प्यात सडतात, म्हणून त्या हाताने काढणे टळत नाही. पहिल्याच दिवशी नुसते इंजेक्शन देऊन जखम बंद राहू दिली असती, तर ११ सेंटिमीटरची ती पोकळी कुणाला कळली नसती.

दुसरी अडचण मोठी आहे. ही गाय दुभती आहे आणि हे औषध दुधात उतरते, तेही कित्येक दिवस. दूध पिणाऱ्या जनावरासाठी किंवा माणसासाठी ते योग्य नाही, म्हणूनच दुभत्या गायींना ते देऊ नये असे वेष्टनावर लिहिलेले असते.

वासरूघर

मी इथे थोडी वेगळी बाजू मांडते. गाय वाचत असेल तर तीन-चार आठवड्यांचे दूध ओतून द्यावे लागले तरी चालेल, असे मला वाटते. दुधासाठी सुई टाळून जखम पुन्हा पुन्हा उघडत राहणे हेही त्या जनावराचे हालच आहेत.

शल्यवैद्य

वासरूघर, तुमचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. अळ्या नाकाच्या पोकळीत, शिंगाच्या मुळाशी किंवा योनिमार्गात असत्या, जिथे हात पोचत नाही, तर मी दूध सोडून औषध द्या असेच सांगितले असते. इथे पोकळी धुता येते, खालून निचरा आहे आणि दावणताई दिवसातून दोनदा तपासतात, म्हणून मी अजून थांबेन. दुसऱ्या पशुवैद्याने वेगळा निर्णय घेतला तर तो चूक आहे असे मी म्हणणार नाही.

द्विपंखी

दावणताई, पहिल्या दिवशी काढलेल्या साठ अळ्यांचे तुम्ही काय केले?

दावण

भावाने त्या उकिरड्यावर टाकल्या. डॉक्टर आले त्या दिवशीच्या ८७ मात्र मी साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकल्या.

द्विपंखी

त्या साठपैकी ज्या पूर्ण वाढलेल्या असतील त्या काही मिनिटांत मातीत शिरून कोषात गेल्या असतील. उबदार हवेत साधारण आठवड्याने कोषातून माशी निघते, आणि आणखी काही दिवसांनी ती स्वतः अंडी घालते. आज सकाळची अंडी त्यांची नाहीत, कारण दिवस पुरेसे झालेले नाहीत. ती बाहेरच्या माशीची आहेत. उकिरड्याचा तो भाग मात्र आजच खणून पाहा. कोष गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे, तपकिरी-काळे आणि टोके गोल असलेले असतात.

आणखी एक विनंती. या वेळी खोल भागातून निघालेल्या मोठ्या अळ्यांपैकी पाच-सहा तपासणीसाठी ठेवा. खोल भागातल्याच हव्यात, कारण कडेवर कधी कधी सडके खाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या अळ्याही मिसळलेल्या असतात. जिवंत अळ्या सरळ अल्कोहोलमध्ये टाकल्या तर आक्रसून काळ्या पडतात. आधी जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या टोकाकडून पुढे जाणाऱ्या श्वासनळ्या पाहतात. अमेरिकेतल्या जातीत त्या शेवटच्या तीन-चार खंडांपर्यंत गडद दिसतात, बेझियानात तो गडदपणा शेवटच्या खंडापुरताच असतो.

हे कुतूहलापुरते नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी लिबियात आफ्रिकेची नसलेली ही अमेरिकी माशी सापडली, तेव्हा जातीची खात्री झाल्यामुळेच योग्य उपाय निवडता आला. त्या जातीची मादी आयुष्यात सहसा एकदाच मीलन करते. म्हणून किरणोत्साराने नपुंसक केलेले नर मोठ्या संख्येने सोडले की तिची अंडी वांझ निघतात. १९५४मध्ये क्युरासाव बेटावर ही युक्ती पहिल्यांदा यशस्वी ठरली होती. लिबियासाठी अशा माश्या मेक्सिकोतून विमानाने आणल्या गेल्या आणि १९९१पर्यंत तिथली माशी संपली. तीच माशी मध्य अमेरिकेतून पुन्हा उत्तरेकडे सरकत नोव्हेंबर २०२४मध्ये मेक्सिकोत सापडली. दोन्ही जातींच्या नोंदी जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे जातात. माशी पूर्वी नव्हती अशा प्रदेशात ती आढळली, तर गप्प न राहता पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे.

मेंढवाडा

माझा रोग वेगळा आहे हे कळले. पण एक शंका राहते. एखाद्या मेंढीला कातरताना कैचीची जखम झाली आणि तिथे अळ्या पडल्या, तर तुमची माशी की माझी, हे मी कसे ओळखू?

शल्यवैद्य

चांगला प्रश्न आहे, आणि वरवर पाहून नेहमी ओळखता येत नाही. अळ्या लोकरीत व कातडीवर पसरलेल्या असतील तर बहुधा तुमची. त्या एका खड्ड्यात दाटीवाटीने, शेपट्या वर करून बसल्या असतील, खड्डा रोज खोल होत असेल आणि कडेने ताजे रक्त येत असेल, तर माझी शंका स्क्रूवर्मवर जाईल. शंका असेल तर अळी अल्कोहोलमध्ये ठेवा आणि तपासून घ्या. मेंढी-शेळीला खोल जखमेत धनुर्वाताची भीती असते, त्याची लस झाली आहे की नाही तेही डॉक्टरांना सांगा.

दावण

नऊ दिवसांनी लिहिते आहे. अंडी खरवडल्यानंतर दोन दिवस आणखी चार-पाच बारीक अळ्या निघाल्या, त्यानंतर एकही नाही. तिसऱ्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक निळसर-हिरवी माशी छेदाच्या कडेला चालताना मी स्वतः पाहिली. मलम लावलेल्या पट्ट्याशी येऊन ती उडाली, पुन्हा आली, पुन्हा उडाली. ती हीच माशी होती की साधी, हे मला सांगता येणार नाही. आता वरचे तोंड बंद झाले आहे. खालच्या छेदातून सळी तीन सेंटिमीटरच आत जाते, आणि जे येते ते पाणी स्वच्छ, बिनवासाचे आहे. दूध अजून पूर्वीइतके नाही.

उकिरड्यात खणल्यावर २२ कोष सापडले. त्यांतले पाच पोकळ होते, म्हणजे माश्या निघून गेल्या असाव्यात. उरलेले जाळले. अळ्यांचा नमुना डॉक्टरांकडे दिला आहे, निकाल अजून आलेला नाही.

द्विपंखी

त्या पाच पोकळ कोषांपैकी किती घरमाश्यांचे आणि किती या माशीचे, हे कोषांच्या मागच्या छिद्रांवरून पाहता आले असते. रिकामे कोष टाकले नसतील तर तेही कोरड्या डबीत घालून त्याच नमुन्याबरोबर द्या. तुमच्या इतर जनावरांपैकी कुणाला गोचिडांच्या जखमा किंवा ताजी खरचट असेल, तर पुढचे दोन आठवडे तिथेही संध्याकाळी पाहत राहा.

दावण

डबीत ठेवले आहेत. दुसऱ्या गायीच्या कानामागे गोचिडांचे दोन फोड आहेत, आज संध्याकाळपासून तेही पाहते.